बाटलीवरचे सत्तर टक्के

तलासरीहून एक सूनबाई गेल्या महिन्यात माझ्या डहाणूच्या दवाखान्यात आल्या. सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या, लघवीची नळी बसवलेली, आणि तीन महिन्यांत दुसऱ्यांदा मूत्रमार्गाचा संसर्ग झालेला. औषधाची चिठ्ठी घेऊन निघताना त्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू? आम्ही नळीला हात लावण्याआधी दर वेळी सॅनिटायझर लावतो. पण हल्ली तो हाताला गार लागत नाही. बराच वेळ ओलाच राहतो."

वाचकहो, हे निरीक्षण साधे नाही. हातावरचे अल्कोहोल उडून जाताना त्वचेची उष्णता घेऊन जाते, म्हणून हात गार पडतो आणि काही सेकंदांत कोरडा होतो. पाणी जास्त असेल तर गारवा कमी आणि ओल अधिक. अर्थात बोटांच्या जाणिवेवरून कोणाला दोषी ठरवता येत नाही. म्हणून मी त्यांना दोन गोष्टी आणायला सांगितल्या : पलंगाशेजारची पंपाची छोटी बाटली, आणि ज्या पाच लिटरच्या कॅनमधून ती भरली जाते तो कॅन. सुदैवाने त्यांनी एकाच वेळी, एकाच बॅचचे दोन कॅन घेतले होते आणि दुसऱ्याचे सील अजून शाबूत होते. लेबलवर लिहिले होते, 'इथाइल अल्कोहोल ७० टक्के, आकारमानानुसार'.

आता हे सत्तर टक्के खरे की खोटे, हे घरच्या घरी कसे पाहावे? पुष्कळ जण थोडा द्रव ताटलीत घेऊन काडी लावून बघतात. कृपया असे करू नका. पन्नास टक्क्यांचे मिश्रणही छान पेट घेते, तेव्हा त्या ज्योतीवरून काहीच कळत नाही. भाजण्याचा धोका मात्र पुरेपूर असतो.

खरी वाट वजनाची आहे. आपल्यापैकी ज्येष्ठांना दुधात बुडवायचा लॅक्टोमीटर आठवत असेल. दूध पाण्याहून किंचित जड असते, म्हणून पाणी मिसळले की ते हलके होते आणि लॅक्टोमीटर अधिक खोल बुडतो. सॅनिटायझरमध्ये तेच तत्त्व उलट्या दिशेने चालते. निर्जल इथेनॉलच्या एक मिलिलिटरचे वजन २० अंश सेल्सिअसला सुमारे ०.७८९ ग्रॅम असते, तर तेवढ्याच पाण्याचे ०.९९८ ग्रॅम. म्हणजे पाणी जितके जास्त, तितका द्रव जड. एका मिलिलिटरचे वजन म्हणजेच घनता, आणि ती नीट मोजता आली तर त्यात अल्कोहोल किती आहे हे तक्त्यावरून वाचता येते. मद्य उद्योगात हेच काम अल्कोहोलमीटर नावाची तरंगणारी काचेची नळी करते. ती हाताशी नसेल तर एक अरुंद तोंडाची बाटली आणि एक चांगला काटा पुरतो.

काटा चांगला हवा, हे ठासून सांगतो. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो. शंभर मिलिलिटरच्या बाटलीत एका ग्रॅमची चूक म्हणजे अल्कोहोलच्या हिशेबात सुमारे चार टक्क्यांची चूक. एवढ्या ढोबळ मापावर कोणाला खोटे ठरवू नये. मी माझ्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्यांचा काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवतो. "डॉक्टरसाहेब, आज काय मोडीत काढताय?" असे त्यांनी विचारले खरे, पण काटा मोकळा करून दिला.

बाटली खोकल्याच्या औषधाची, जुनी, काचेची, साधारण शंभर मिलिलिटरची. धुऊन पूर्ण कोरडी केलेली. काचेचीच का? प्लॅस्टिकची बाटली हातात दबते आणि तिचे आकारमान बदलते. तोंड अरुंद का? काठोकाठ भरताना एखादा थेंब इकडेतिकडे झाला तरी रुंद तोंडाच्या बाटलीइतका फरक पडत नाही. पाणी आणि सॅनिटायझर दोन्ही आदल्या रात्रीपासून एकाच खोलीत शेजारी ठेवले होते, म्हणजे दोघांचे तापमान सारखे राहावे. सकाळी भिंतीवरच्या तापमापकात ३० अंश होते. (ताप मोजायचा घरातला डिजिटल थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही. तो सहसा ३२ अंशांच्या खाली काही दाखवतच नाही.)

रिकामी बाटली ९२.४० ग्रॅम भरली. शुद्ध पाण्याने काठोकाठ भरून, बाहेरून पुसून, पुन्हा वजन केले : १९८.२० ग्रॅम. म्हणजे आत १०५.८० ग्रॅम पाणी. ३० अंशांना एक मिलिलिटर पाण्याचे वजन ०.९९५७ ग्रॅम असते, त्यावरून बाटलीचे खरे आकारमान १०६.२६ मिलिलिटर ठरले. बाटलीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये, तो काठोकाठचा नसतो. पाणी ओतून बाटली वाळवली आणि सील फोडलेल्या नव्या कॅनमधला द्रव भिंतीवरून हळू सोडला, बुडबुडे वर येऊ दिले आणि वजन घेतले. आत ९६.०२ ग्रॅम द्रव होता. ९६.०२ ला १०६.२६ ने भागले की ०.९०३६. ही ३० अंशांची घनता.

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. तक्ते बहुधा २० अंशांसाठी छापलेले असतात, आणि आपल्या किनाऱ्यावर २० अंश कधी मिळणार? उष्णतेने अल्कोहोल पाण्यापेक्षा अधिक फुगते, म्हणून गरम द्रव हलका भासतो आणि हलका म्हणजे जास्त अल्कोहोल असा खोटा आभास होतो. या तीव्रतेच्या द्रवात प्रत्येक अंशामागे सुमारे ०.०००८ चा फरक पडतो. दहा अंशांसाठी ०.००८ मिळवले, तेव्हा घनता ०.९११६ झाली. ही दुरुस्ती न करता वाचले असते, तर याच द्रवाला साडेतीन टक्के फुकट मिळाले असते.

आता तक्ता. २० अंशांना इथेनॉल आणि पाणी यांच्या मिश्रणाची घनता आकारमानाच्या टक्क्यांनुसार अशी आहे : ५० टक्क्यांना ०.९३०, ६० ला ०.९०९, ७० ला ०.८८६ आणि ८० ला ०.८५९. त्यात ०.९११६ हा आकडा साठच्या किंचित खाली, म्हणजे एकोणसाठच्या आसपास बसतो.

तक्त्याऐवजी शाळेतल्या त्रैराशिकाने गणित मांडण्याचा मोह होईल, पण तो टाळा. पाणी आणि अल्कोहोल एकत्र आले की ते आकसतात. पन्नास मिलिलिटर पाण्यात पन्नास मिलिलिटर अल्कोहोल घातले, तर शंभर मिलिलिटर होत नाही, सुमारे शहाण्णव होते. त्यामुळे मिश्रण सरळ हिशेबापेक्षा जड निघते. त्रैराशिक मांडले तर साठ टक्क्यांचा प्रामाणिक सॅनिटायझर तुम्हाला त्रेचाळीस टक्क्यांचा वाटेल आणि एखाद्या निरपराध उत्पादकावर आळ येईल.

आणखी एक न्याय उत्पादकाला द्यायला हवा. हातांची त्वचा कोरडी पडू नये म्हणून सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन घालतात, आणि ग्लिसरीन पाण्याहूनही जड, मिलिलिटरला सुमारे १.२६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉलसोबत १.४५ टक्के ग्लिसरीन आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते. एवढ्या ग्लिसरीनमुळे द्रव इतकाच जड होतो की अल्कोहोल खऱ्यापेक्षा दीड टक्का कमी भासावे. आमच्या कॅनवर ग्लिसरीनचा उल्लेख होता, प्रमाण नव्हते. मी दीड टक्का त्यांच्या पदरात टाकला, तेव्हा आकडा साठच्या जवळ आला. माझ्या मापातल्या चुकीसाठी आणखी दोन टक्के सोडले तरी बासष्ट. सत्तर नव्हेच.

हा निकाल माझ्या पद्धतीचाच दोष तर नाही ना, ही शंका मलाही होती. म्हणून त्याच बैठकीत औषधाच्या दुकानातून घेतलेली, सत्तर टक्के असेच लिहिलेली दुसरी सीलबंद बाटली तपासली. तिच्यातला द्रव त्याच बाटलीत ९३.६० ग्रॅम भरला. तीच आकडेमोड केली तर साडेअडुसष्टच्या आसपास, ग्लिसरीनचा दीड टक्का धरून बरोबर सत्तर. म्हणजे काटा, बाटली आणि हिशेब तिघेही सरळ होते. दोन द्रवांतला फरक अवघा अडीच ग्रॅमांचा, पण त्यात दहा टक्के अल्कोहोल दडले होते.

लेबलवरचा एक बारकावा निकाल देण्यापूर्वी वाचा. टक्के आकारमानाचे आहेत की वजनाचे? वजनाने सत्तर टक्के म्हणजे आकारमानाने सुमारे सत्त्याहत्तर टक्के होतात. वजनाचे टक्के सांगणाऱ्या लेबलची तुलना आकारमानाच्या तक्त्याशी केली, तर कमी निघालेला माल पास झालेला दिसेल.

आता पलंगाशेजारच्या छोट्या बाटलीकडे वळू. तिच्यातला द्रव त्याच मापात ९८ ग्रॅम भरला, म्हणजे अल्कोहोल जेमतेम पन्नास टक्के! कॅनमध्ये साठ आणि रुग्णापाशी पोहोचेपर्यंत पन्नास, हे दहा टक्के गेले कुठे? सूनबाईंनी प्रामाणिकपणे सांगितले, की दिवसा येणारी मदतनीस बाटली संपत आली की थोडे पाणी घालून पुरवते. शिवाय बाटलीचे झाकण तडकलेले होते आणि ती खिडकीच्या उन्हात उभी असे. अल्कोहोल पाण्याच्या आधी उडते, त्यामुळे उघडी राहिलेली बाटली दिवसेंदिवस फिकी होत जाते. म्हणूनच लेबलचा दावा तपासायचा तर सीलबंद बाटलीच घ्यावी. वापरातल्या बाटलीचे माप आपल्या घराबद्दल सांगते, कंपनीबद्दल नाही.

साठ टक्क्यांच्या खाली इथेनॉलचा जंतूंवरचा परिणाम घसरू लागतो, म्हणून हातांसाठी किमान साठ टक्के असावे असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचेही म्हणणे आहे. त्या हिशेबाने कॅन काठावर होता आणि बाटली काठाच्या खाली. मात्र सासूबाईंचा संसर्ग या सॅनिटायझरमुळेच झाला, असे मी म्हणणार नाही. लघवीची नळी दीर्घकाळ राहिली की संसर्गाला अनेक वाटा मिळतात. एवढेच म्हणेन, की ज्या गोष्टीवर ते घर विसंबून होते ती विसंबण्याजोगी नव्हती.

इथवर वाचून आपल्यापैकी काही जण सोनाराकडे निघाले असतील, त्यांना थांबवून या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव सांगतो. वजन हे 'अल्कोहोल कमी आहे' एवढे सांगू शकते. 'हे अल्कोहोल कोणते आहे' हे ते सांगत नाही. इथेनॉलची घनता ०.७८९, आणि विषारी मिथेनॉलची ०.७९२. फरक इतका किरकोळ की सोनाराचा काटाही हात टेकतो. सत्तर टक्के मिथेनॉल असलेला द्रव आपल्या बाटलीत जवळजवळ तेवढाच भरेल आणि आपण त्याला उत्तीर्ण करू. वास तसाच, रंग नाही, ज्योतही निळसरच. दुधात साखर घालून लॅक्टोमीटरला फसवणाऱ्यांची गोष्ट आपण ऐकली आहे. इथे तर फसवण्यासाठी वेगळे काही मिसळावेही लागत नाही.

ही काल्पनिक भीती नव्हे. २०२० साली कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया या मुंबईच्या ग्राहक संस्थेने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतल्या दुकानांतून १२२ सॅनिटायझर विकत घेऊन तपासले. त्यांपैकी ४५ नमुने लेबलवरच्या दाव्याशी जुळले नाहीत, आणि ५ नमुन्यांत मिथेनॉल सापडले. ते सापडले, कारण त्यांनी वजनावर न थांबता गॅस क्रोमॅटोग्राफी वापरली. या यंत्रात द्रवाची वाफ एका लांब, बारीक नळीतून जाते, प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो, आणि मिथेनॉल व इथेनॉल वेगवेगळे ओळखू येतात.

मिथेनॉल पोटात गेले की शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. ते डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालते आणि पुढे जीवही घेते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलयुक्त दारूने शंभरहून अधिक माणसे गेली, हे आपणांस आठवत असेल. सॅनिटायझर तर पिण्यासाठी नसतोच. तरीही एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत, दारूची दुकाने बंद असताना तो प्यायल्याने सात जण दगावले. ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंश झालेले आजोबा किंवा आजी आहेत, त्यांनी पलंगाशेजारी पाण्याच्या तांब्याजवळ पारदर्शक सॅनिटायझर ठेवणे आजच बंद करावे. चुकून घोट गेलाच, तर लक्षणांची वाट पाहू नका. मिथेनॉलची धूसर दृष्टी, उलट्या आणि धाप कित्येक तासांनंतर दिसू लागतात. रुग्णासोबत बाटलीही घेऊन जवळच्या शासकीय रुग्णालयात जा.

जेलच्या बाबतीत ही पद्धत फारशी उपयोगाची नाही. घट्ट जेलमध्ये अडकलेले बुडबुडे बाहेर येत नाहीत, त्यामुळे वजन कमी भरते आणि माल चांगला भासतो. प्रयोगशाळेत आधी पाणी घालून ऊर्ध्वपातन करतात, म्हणजे अल्कोहोल वाफेने वेगळे काढतात, ग्लिसरीन व जेलचा चिकटा मागे राहतो, आणि मग त्या शुद्ध द्रवाची घनता घेतात. घरी हे करण्याचा विचारही करू नका, अल्कोहोलची वाफ पेट घेते. एवढे करूनही मिथेनॉल इथेनॉलसोबतच उकळून येते, म्हणून तिथेही शेवटचा शब्द क्रोमॅटोग्राफीचाच.

तेव्हा या मापाचा अर्थ एकतर्फी लावावा. सीलबंद, पातळ द्रव, तापमानाची दुरुस्ती, ग्लिसरीनची सूट, आणि सोबत एक भरवशाची बाटली तपासून पाहिलेली. इतके करूनही दाव्यापेक्षा पाच टक्क्यांहून अधिक कमी निघाले, तर तक्रार करण्याइतका आधार आपल्याकडे आहे. पाच टक्के का? जागतिक आरोग्य संघटना आपल्या ८० टक्क्यांच्या सूत्रासाठी अल्कोहोलमीटरवर ७५ ते ८५ मान्य करते, तेवढीच सवलत मी इतरांनाही देतो. आकडा बरोबर आला, तर मात्र 'अल्कोहोलची मात्रा कमी असल्याचे दिसले नाही' इतकेच म्हणावे. 'सुरक्षित आहे' असे म्हणू नये.

त्या कुटुंबाने काय केले ते सांगतो. कॅनवर बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख होती, परवाना क्रमांकाची जागा पुसट होती. सीलबंद कॅनमधला मी वापरलेला भाग सोडून उरलेला द्रव, पावती आणि लेबलचे छायाचित्र असे सर्व त्यांनी जपून ठेवले आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. माझी आकडेमोड सोबत जोडली, पण ती पुरावा म्हणून नव्हे, तपासणी का करावी याचे कारण म्हणून. कायदेशीर निकाल शासकीय प्रयोगशाळेचाच असतो. पावती नसती तर ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, निदान विचारता आले असते. सूनबाईंना पावती ठेवायची सवय आहे, हे त्यांच्या सासूबाईंचे संस्कार, असे त्या हसून म्हणाल्या.

अहवाल अजून यायचा आहे. तोवर त्या नळीला हात लावण्याआधी साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुतात, बोटांच्या बेचक्यांपर्यंत, निदान वीस सेकंद. हात मळलेले असतील तिथे सॅनिटायझर कितीही टक्क्यांचा असला तरी साबणच चालतो. औषधाच्या दुकानातली लहान सीलबंद बाटली आता कपाटात, उन्हापासून दूर आहे. तिच्यावर उघडल्याची तारीख बॉलपेनने लिहिलेली असते, आणि मदतनीस ताईंना सांगून ठेवले आहे, की संपली की संपली, पाणी घालायचे नाही.